टीव्हीला केबल लावली की स्पीड वायफायपेक्षा कमी येतो. केबल काढून टाकू का?

कुर्टीकर | २६ एप्रिल, रात्री ९.१२

घर फोंड्याजवळ कुर्टीला. पुढचा भाग आजोबांच्या वेळचा, चिऱ्याच्या जाड भिंतींचा. मागचा हॉल आम्ही २०१८ साली बांधला. तेव्हाच इलेक्ट्रिशियनला सांगून भिंतीतून पाइप टाकून घेतला आणि त्यातून पुढच्या खोलीतल्या राउटरपासून टीव्हीपर्यंत कॅट ६ केबल ओढली. टीव्हीही त्याच वर्षीचा, ५५ इंची, फोर-के.

इंटरनेटचा प्लॅन २०० एमबीपीएसचा. परवा भाचा आला होता. त्याने टीव्हीच्या ब्राउझरमध्ये स्पीड टेस्ट लावली. केबलवर ९३ आला. केबल काढून वायफायवर लावली तर १६८. तीन-चार वेळा केलं, दरवेळी तसंच. भाचा म्हणतो, "मामा, ही केबल आता जुनी झाली, काढून टाक."

यात आणखी एक गोष्ट आहे. यंदाच्या शिगम्यात आमच्या वाड्यावरच्या रोमटामेळाचं शूटिंग माझ्या मुलाने चांगल्या कॅमेऱ्यावर केलं. ती फाइल जुन्या डेस्कटॉपवर आहे आणि तो डेस्कटॉप राउटरला केबलनेच जोडलेला आहे. टीव्हीवर लावली की पहिलं मिनिटभर झकास चालते, मग अडकते. थोडी चालते, परत अडकते. आईला ढोल-ताशांचा तो भाग बघायचा असतो आणि नेमकं तिथेच चित्र थांबतं.

भिंत फोडून केबल टाकली ती फुकट गेली का, एवढंच विचारायचं आहे.

---

माडाखाली | २६ एप्रिल, रात्री ९.४०

केबल काढून डिश लावा. आमच्याकडे केबलवाला पावसात दोन-दोन दिवस येत नसे. डिश लावल्यापासून चॅनल व्यवस्थित दिसतात.

---

नेटदुरुस्त | २६ एप्रिल, रात्री १०.०५

माडाखाली, ते नेटवर्कच्या केबलबद्दल विचारताहेत, चॅनलच्या नव्हे.

कुर्टीकर, ९३ हा आकडाच सगळं सांगतो. तुमच्या टीव्हीच्या मागचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचं आहे. १०० च्या पोर्टमधून प्रत्यक्ष माल ९४ च्या आसपासच बाहेर पडतो, बाकीचे पाकिटांच्या वेष्टनात जातात. प्लॅन २०० चा घ्या की १००० चा, त्या पोर्टवर ९३-९४ च दिसणार. फोर-के टीव्ही असला तरी मागे १०० चंच पोर्ट, हे फार सर्रास आहे, अगदी अलीकडच्या टीव्हींतही. टीव्हीच्या मुख्य चिपमध्येच १०० चं पोर्ट तयार मिळतं. गिगाबिट द्यायचं तर खर्च वाढतो आणि ऑनलाइन सिनेमा बघायला त्याची गरज पडत नाही, असा त्यांचा हिशेब.

तरी एक खात्री करून घ्या. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० ला दोनच लागतात, गिगाबिटला चारही. एखादी जोडी तुटली किंवा जॅकमध्ये नीट बसली नसेल तर लिंक १०० वर घसरते किंवा लागतच नाही. म्हणजे दोष भिंतीतल्या केबलचाही असू शकतो. टीव्हीची केबल काढून लॅपटॉपला लावा. लॅपटॉपने १००० दाखवले तर केबल निर्दोष आणि टीव्हीचं पोर्ट १०० चं.

मोजायचं असेल तर दोन्हीकडे iperf3 टाका. डेस्कटॉपवर:

```
iperf3 -s
```

आणि टीव्हीच्या जागी लावलेल्या लॅपटॉपवर, पत्ता तुमच्या डेस्कटॉपचा घालून:

```
iperf3 -c 192.168.1.10 -t 30 -R
```

---

पेडणेकर_सुशांत | २६ एप्रिल, रात्री १०.३१

कॅट ६ मध्येच घोळ आहे. मी कॅट ७ आणली, सोनेरी पिनांची. तेव्हापासून टीव्हीवर सिनेमा कधी अडकला नाही. कुर्टीकर, आधी केबल बदला, मग बाकीचं बघा.

---

नेटदुरुस्त | २६ एप्रिल, रात्री १०.४४

सुशांत, तुमची जुनी केबल खराब असेल तर नवी टाकल्यावर फरक पडणारच, तो पडला असेल. पण १०० च्या पोर्टला कॅट ७ लावून १०१ येत नाहीत. घरातल्या अंतराला साधी कॅट ५ई सुद्धा गिगाबिट देते, १०० मीटरपर्यंत. केबल घेताना तार अस्सल तांब्याची आहे का, एवढं बघावं. वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम, अशी स्वस्त केबल खूप विकली जाते आणि ती जॅक दाबताना तुटते.

---

म्हापशेकार | २७ एप्रिल, सकाळी ७.५०

आमच्याकडे चवथीला तीस माणसं जमतात. सगळ्यांच्या खिशात फोन आणि सगळे वायफायवर. गेल्या चवथीला आरतीनंतर पोरांनी टीव्हीवर सिनेमा लावला. टीव्ही वायफायवर होता, पाच-पाच मिनिटांनी गोल चक्र फिरायला लागलं. मी राउटरपासून टीव्हीपर्यंत जमिनीवरून केबल सोडली, वर चटई टाकली. त्यानंतर रात्री एकपर्यंत एकदाही चक्र आलं नाही.

इंटरनेट तेच, माणसं तीच, फोन तेच. त्यामुळे सकाळी रिकाम्या घरात वायफायवर १६८ आले, हे ऐकून मला काही वाटत नाही. चवथीच्या रात्री किती येतात ते मोजा.

---

नेटदुरुस्त | २७ एप्रिल, सकाळी ८.१५

म्हापशेकारांचा मुद्दा पक्का. वायफायवर एका वेळी एकच बोलतो, बाकीचे थांबतात. लांबच्या खोलीतला, कमजोर सिग्नलचा एक फोनही सगळ्यांचा वेळ खातो, कारण त्याला तेवढाच मजकूर हळूहळू पाठवावा लागतो. केबलवर टीव्हीची वाट त्याच्या एकट्याची असते. फोर-के सिनेमासाठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस मागतं. ९३ मध्ये ते सहज बसतं. १६८ चा उपयोग तिथे शून्य, ९३ न हलता मिळताहेत याचा उपयोग मोठा.

---

वास्को_मेश | २७ एप्रिल, दुपारी १.०२

सगळे केबलच्याच बाजूने बोलताहेत म्हणून लिहितो. माझ्या फ्लॅटमध्ये वायफाय ६ चं मेश आहे. टीव्हीजवळच्या नोडवर फोनवरून ५०० च्या वर मिळतात. १०० चं पोर्ट म्हणजे पाचपट तोटा. २०१८ चा टीव्ही असला तरी त्याचं वायफाय ५ गिगाहर्ट्झवर १०० च्या पोर्टला मागे टाकतं, हे कुर्टीकरांनी स्वतःच मोजलं आहे. मग केबलचा आग्रह कशाला? भाचा बरोबर सांगतोय.

---

नेटदुरुस्त | २७ एप्रिल, दुपारी १.३०

कमाल वेगाचंच बघायचं तर या टीव्हीपुरतं तुमचं म्हणणं खरं आहे, मी नाकारत नाही. पण तुमचा फ्लॅट सहा इंची भिंतींचा आणि नोड टीव्हीशेजारी. कुर्टीकरांच्या मध्ये चिऱ्याची जाड भिंत आहे. आणि तुमचे नोड एकमेकांशी हवेतून बोलतात की केबलने?

---

वास्को_मेश | २७ एप्रिल, दुपारी १.४१

केबलने. बिल्डरने पाइप दिले होते.

---

सत्तरीतला | २७ एप्रिल, रात्री ८.२०

केबलवाल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आम्ही वाळपईजवळ. भावाचं घर पन्नास मीटरवर. एकच कनेक्शन दोघांत घेतलं आणि माडांवरून तांब्याची लॅन केबल ओढली. दोन वर्षं छान चाललं. मग मे महिन्याच्या अखेरीला गडगडाट झाला. वीज आमच्यावर पडली नव्हती, पलीकडे डोंगरावर कुठेतरी पडली. तरी राउटरचं एक पोर्ट आणि टीव्हीचं लॅन पोर्ट दोन्ही गेली. टीव्ही चालतो, पण लॅन पोर्ट मेलेलं ते मेलेलंच. त्या वेळी प्लग काढलेले होते! लॅन केबल काढायची कोणाला आठवण झाली नाही.

आता दोन घरांमध्ये फायबर टाकली, दोन्ही टोकांना छोटे कन्व्हर्टर. काचेतून वीज जात नाही. घराच्या आतली केबल ठीक, पण घराबाहेरून तांबं ओढू नका.

---

कुर्टीकर | २७ एप्रिल, रात्री ९.०५

सत्तरीतला, वाचून धस्स झालं. माझी केबल पूर्ण घरातच आहे, पण गडगडाट सुरू झाला की आता तीही काढून ठेवीन.

नेटदुरुस्त दादा, मोजलं. टीव्हीच्या केबलला लॅपटॉप लावला: लिंक १०००, iperf3 वर ९४१. तीच केबल टीव्हीला लावली की राउटरच्या पानावर त्या पोर्टसमोर १०० दिसतात. म्हणजे २०१८ ला भिंतीत टाकलेली केबल ठणठणीत आहे. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

पण मग शिगम्याचा व्हिडिओ का अडकतो? तो तर इंटरनेटवरून येतच नाही. घरातल्या घरात, दोन्हीकडून केबल. सिनेमे मात्र नीट चालतात.

---

मधुरा_कॅमेरा | २७ एप्रिल, रात्री ९.३८

कुर्टीकर, फाइल किती जीबीची आणि किती मिनिटांची? आणि मुलाने कॅमेऱ्यात कोणतं सेटिंग ठेवलं होतं ते विचारा.

---

कुर्टीकर | २७ एप्रिल, रात्री ९.५२

१२ मिनिटं, ९ जीबी. मुलगा म्हणतो फोर-के, "१०० एम" असं काहीतरी निवडलं होतं, कारण तेच सगळ्यात वरचं होतं.

---

मधुरा_कॅमेरा | २७ एप्रिल, रात्री १०.२५

मग कारण सापडलं. मी लग्नांचं शूटिंग करते, माझ्याकडे हेच झालं होतं.

९ जीबी म्हणजे ७२ हजार मेगाबिट. १२ मिनिटं म्हणजे ७२० सेकंद. भागाकार केला की सेकंदाला १०० मेगाबिट. हा व्हिडिओ दर सेकंदाला १०० मागतो आणि तुमचं पोर्ट जास्तीत जास्त ९४ देतं. ऑनलाइन सिनेमा खूप दाबून पाठवलेला असतो. कॅमेऱ्यातून निघालेला कच्चा माल तसा नसतो. तुमची फाइल त्या पोर्टपेक्षा अगदी थोडीशीच मोठी आहे, म्हणूनच पहिलं मिनिट फसवं जातं.

टीव्ही सुरुवातीला थोडं आधीच भरून घेतो. समजा त्याने ५० एमबी भरले, म्हणजे ४०० मेगाबिट. दर सेकंदाला ६ कमी पडतात, तर ही शिल्लक साधारण ६७ सेकंदांत संपते. तुम्ही लिहिलंत की मिनिटभर चालतो. थांबल्यावर परत सुरू करताना टीव्ही बहुधा थोडंच भरतो, म्हणून पुढचे थांबे लवकर लवकर येतात.

तरी आणखी एक शक्यता काढून टाकायला हवी. कधी कधी टीव्हीलाच एवढा जड व्हिडिओ उलगडता येत नाही, तेव्हा नेटवर्क कितीही सुधारा, उपयोग होत नाही. फाइल पेन ड्राइव्हवर घालून टीव्हीला थेट लावा. तिथे नीट चालली तर दोष पोर्टचा. तिथेही अडखळली तर टीव्हीचा.

---

पेडणेकर_सुशांत | २७ एप्रिल, रात्री १०.४०

मधुराताई, हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं फोर-के म्हणजे फोर-के, सगळीकडे सारखंच.

---

काणकोणचो | २८ एप्रिल, सकाळी ६.३०

विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्या घरी जून लागला की वायफाय मंदावतं. दरवर्षी. मला वाटतं हवेतल्या ओलाव्याने. कोणाला अनुभव?

---

सत्तरीतला | २८ एप्रिल, सकाळी ७.१०

आहे. पण हवेने नव्हे, चिऱ्यांनी. चिरा पाणी पितो. गिलावा नसलेली बाहेरची भिंत जुलैत हात लावला तर गार आणि ओली लागते. त्यातून सिग्नल जायचा म्हणजे पाण्यातून जायचा.

---

वास्को_मेश | २८ एप्रिल, सकाळी ९.१५

मला दोन्ही पटत नाही. पावसात सगळे घरात बसतात आणि सगळे एकदम नेट वापरतात, एवढंच.

---

काणकोणचो | २८ एप्रिल, सकाळी ९.३०

आमच्या घरात दोनच माणसं, मी आणि बायको. उन्हाळ्यातही दोनच.

---

कुर्टीकर | २८ एप्रिल, रात्री ८.४८

पेन ड्राइव्हचं सांगतो. ३२ जीबीचा रिकामा ड्राइव्ह घेतला, फाइल टाकायला गेलो तर "जागा नाही" म्हणतो. ९ जीबीची फाइल, ३२ ची जागा. अर्धा तास गेला. शेवटी मुलाने फोनवरून सांगितलं की ड्राइव्ह FAT32 आहे, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावतच नाही. exFAT केला, टीव्हीने तो ओळखला आणि व्हिडिओ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही न थांबता चालला.

आईने दोनदा बघितला. आजूबाजूच्या तिघीजणींनाही बोलावलं.

म्हणजे मधुराताई, टीव्ही ठीक आहे, अडथळा पोर्टचाच. पण दरवेळी पेन ड्राइव्ह काढा-घाला नको आहे. मुलगा अशी शूटिंग आता करतच राहणार, सगळं डेस्कटॉपवर राहावं आणि टीव्हीवर सरळ दिसावं.

---

फातोर्डा_टेक | २८ एप्रिल, रात्री ९.२०

यूएसबीचं गिगाबिट लॅन अडॅप्टर घ्या. माझ्या अँड्रॉइड टीव्हीला लावलं, लगेच चाललं. टीव्हीचं यूएसबी २.० आहे, त्यामुळे पूर्ण गिगाबिट नाही मिळत, पण ३०० च्या आसपास येतात. तुमच्या १०० च्या व्हिडिओला तेवढे पुरे.

---

नेटदुरुस्त | २८ एप्रिल, रात्री ९.४५

अँड्रॉइड टीव्हीवर पुष्कळदा चालतं, पण त्या अडॅप्टरच्या चिपचा ड्रायव्हर टीव्हीत आधीपासून असावा लागतो. आपल्याला तो नंतर टाकता येत नाही. कुर्टीकर, टीव्ही अँड्रॉइडचा नसेल तर विकत घेण्याआधी कोणाचं तरी मागून लावून बघा.

आणि वायफायवर बघायचं असेल तर डेस्कटॉप केबलवरच राहू द्या. डेस्कटॉपही वायफायवर आणि टीव्हीही वायफायवर असेल तर तीच फाइल हवेतून दोनदा जाते, एकदा डेस्कटॉपकडून राउटरला, एकदा राउटरकडून टीव्हीला. १६८ चे निम्मे झाले की परत १०० च्या खाली आलात.

---

कुर्टीकर | १ मे, सकाळी १०.१५

सुट्टी होती, सगळं करून बघितलं.

अडॅप्टर शेजारच्या बाबांकडून मागून आणलं. माझा टीव्ही अँड्रॉइडचा नाही. अडॅप्टरवरचा दिवा लागतो, पण टीव्हीच्या सेटिंगमध्ये काही दिसत नाही. परत करून आलो.

वायफाय, डेस्कटॉप केबलवर ठेवून: सकाळी साडेसातला व्हिडिओ पूर्ण चालला, एकही थांबा नाही. वास्को_मेश, इथे तुमचं बरोबर निघालं. पण काल रात्री साडेआठला तोच व्हिडिओ चार वेळा थांबला. घरात आम्ही पाच जण, मुलगी फोनवर क्लास करत होती. तेव्हा टीव्हीवर वायफायची टेस्ट घेतली: एकदा ७१, एकदा १२०, एकदा ५८. लगेच केबल लावून घेतली: ९३, ९३, ९३.

---

वास्को_मेश | १ मे, सकाळी १०.५०

टीव्हीशेजारी एक नोड ठेवा आणि तो नोड तुमच्या भिंतीतल्या केबलने राउटरला जोडा. टीव्ही त्या नोडला वायफायने. केबल ९४१ देते हे तुम्ही मोजलंय, मधे भिंतही नाही. २०० सहज मिळतील आणि पोर्टची अडचणच संपेल.

---

नेटदुरुस्त | १ मे, सकाळी ११.०५

ही सूचना चांगली आहे. चिऱ्याची भिंत केबलने ओलांडायची आणि शेवटचे दोन मीटर हवेतून. अडचण खर्चाची. आणि त्या हॉलमध्ये चवथीला माणसं जमली तर नोडवरही गर्दी होणारच. दुसरा उपाय म्हणजे गिगाबिट पोर्ट असलेला प्लेअर टीव्हीच्या एचडीएमआयला लावणं. खोक्यावर पोर्टचा वेग बघून घ्या, बऱ्याच खोक्यांतही १०० चंच पोर्ट असतं.

---

मधुरा_कॅमेरा | १ मे, दुपारी १२.२०

पैसे न घालता एक उपाय आहे. टीव्हीसाठी वेगळी, दाबलेली प्रत करा. मूळ फाइलला हात लावू नका, ती जपून ठेवा. मी गिऱ्हाइकांना टीव्हीवर बघायला अशीच प्रत देते:

```
ffmpeg -i shigmo.mp4 -c:v libx265 -crf 20 -preset medium \
 -pix_fmt yuv420p -c:a aac -b:a 256k shigmo_tv.mp4
```

जुन्या डेस्कटॉपवर वेळ लागेल, रात्री लावून झोपा. गुलाल उधळलेला असेल तिथे नीट बघा. गुलाल, पाऊस, झाडाची पानं, असल्या बारीक हलत्या गोष्टींत दाबलेल्या व्हिडिओचे तुकडे आधी दिसतात. दिसले तर 20 ऐवजी 18 करा, फाइल थोडी वाढेल.

---

फातोर्डा_टेक | १ मे, दुपारी १२.४०

मला हे नाही पटत. चांगल्या कॅमेऱ्यावर १०० ने शूट करायचं आणि मग दाबायचं? मग आधीच ६० वर शूट करा ना.

---

मधुरा_कॅमेरा | १ मे, दुपारी १.१०

नाही, कॅमेऱ्याला ते काम त्याच क्षणी, एका दमात उरकायचं असतं. डेस्कटॉपला एकेका चित्रावर वेळ घालवता येतो, म्हणून कमी जागेत जास्त चांगलं चित्र बसतं. शिवाय मूळ हाताशी असलं तर दहा वर्षांनी चांगला टीव्ही आल्यावर तेच लावता येईल. शिगमो परत त्याच माणसांसकट शूट करता येत नाही.

---

कुर्टीकर | ३ मे, रात्री ९.३०

रात्री लावून झोपलो. नोंदीत बघितलं तर साडेतीन तास लागले. ९ जीबीची फाइल ३.४ जीबी झाली, म्हणजे मधुराताईंच्या हिशेबाने सेकंदाला साधारण ३८ मेगाबिट. टीव्हीला केबल लावून चालवली, घरातले पाचही जण नेटवर असताना. एकदाही थांबली नाही. गुलालाच्या जागी मला फरक दिसला नाही. मुलगा म्हणतो त्याला दिसतो, तो आज 18 वर परत लावणार आहे.

केबल काढत नाही. भाच्याला दोन्ही वेळचे आकडे पाठवले. त्याने उत्तर दिलं, "मामा, टीव्हीच बदल." त्याच्याशी चवथीला बोलतो.

काणकोणचो, सत्तरीतला म्हणतात त्या ओल्या भिंतीचं मला खरंच बघायचं आहे. आज सकाळी साडेसातला, घरातले सगळे फोन बंद करून, टीव्ही वायफायवर ठेवून पाच वेळा मोजलं: १६५ ते १७१. जुलैत भिंत भिजली की त्याच वेळी, तसंच मोजून इथेच टाकीन. तुम्हीही आत्ता मोजून ठेवाल का?

---

काणकोणचो | ४ मे, सकाळी ६.४०

मोजलं. ५ गिगाहर्ट्झवर, स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडून, ८८. वहीत लिहून ठेवलं.